डोंगरावरचा हिवताप: दोष तापमानाचा की यंत्रणेचा?

१९५८ साली इथिओपियाच्या पठारावर आलेल्या हिवतापाच्या साथीत सुमारे तीस लाख लोक आजारी पडले आणि दीड लाखांच्या आसपास माणसे दगावली, असा अंदाज त्या साथीचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवून ठेवला आहे. या आकड्यांइतकीच लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे साथ कुठे पसरली ती. रोगी सापडले ते प्रामुख्याने १६०० ते २१५० मीटर उंचीवरच्या गावांत, म्हणजे जिथे हिवताप एरवी फारसा पोचतच नाही अशा ठिकाणी. त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा जास्त झाला, हवा नेहमीपेक्षा उबदार आणि दमट राहिली, आणि खालच्या खोऱ्यांतला आजार काही महिन्यांत वर चढला. सखल भागातल्या प्रौढ माणसाला लहानपणापासून वारंवार ताप येऊन गेल्यामुळे थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, त्यामुळे तिथे हिवताप मुख्यतः लहान मुलांना मारतो. वरच्या गावात मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळेच त्याला नवखे असतात. म्हणूनच रोग्यांची संख्या तितकीच असली तरी वरची साथ अधिक जीवघेणी ठरते.

तापमानवाढीमुळे डास आणि गोचिड्या डोंगर चढू लागल्या आहेत, या विषयावर हल्ली पुष्कळ लिहिले जाते, आणि त्यातले बरेचसे एका सरळ रेषेत लिहिलेले असते: उष्णता वाढली, डास वर गेला, रोग वर गेला. १९५८ ची साथ या सरळ रेषेला दोन्ही बाजूंनी अडवते. आजच्यासारखी तापमानवाढ सुरू होण्याआधीच ती आली, म्हणजे उंचावरच्या साथी ही काही आजच्या काळाची निर्मिती नव्हे. पण ती एका उबदार, ओल्या वर्षात आली, म्हणजे हवामानाचा त्यात हात नव्हता असेही म्हणता येत नाही. गेली वीस-पंचवीस वर्षे शास्त्रज्ञांमध्ये या प्रश्नावर जो वाद झाला, तो मला फार बोधप्रद वाटतो. त्यातून निघालेले उत्तर आरोग्य खात्यांनी अजून नीट वाचलेले नाही, असे माझे मत आहे.

आधी उंचीचा हिशोब पाहू. हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जातो तेव्हा लगेच पुढच्या माणसाला देता येण्याच्या अवस्थेत नसतो. डासाच्या शरीरात त्याची वाढ व्हावी लागते, आणि डासाला स्वतःची ऊब नसल्याने ती वाढ किती दिवसांत होईल हे भोवतालची हवा ठरवते. फाल्सिपेरम या घातक जातीसाठी जुने सूत्र असे आहे की हवेच्या सरासरी तापमानातून १६ वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याने १११ ला भागायचे. १८ अंशांना ही वाढ पूर्ण व्हायला सुमारे ५५ दिवस लागतात, १९ अंशांना ३७, २० अंशांना २८ आणि २५ अंशांना जेमतेम १२. आता मादी डास रोज मरण्याची शक्यता दहात एक आहे असे धरू. प्रत्यक्षात हे प्रमाण जागेनुसार बदलते, पण हिशोबाला पुरेसे आहे. १००० डासांनी एकाच दिवशी रोगी माणसाचे रक्त घेतले, तर १८ अंशांच्या गावात परजीवीची वाढ पूर्ण होईपर्यंत त्यांतले तीनच जिवंत राहतील. १९ अंशांच्या गावात वीस राहतील आणि २० अंशांच्या गावात चोपन्न.

म्हणजे १८ वरून १९ वर जाताना धोका एका झटक्यात जवळजवळ सातपट होतो. तीच एका अंशाची वाढ २४ वरून २५ अशी झाली, तर जिवंत राहणारे डास २३२ वरून २७३ होतात. वाढ पाचव्या हिश्श्याहूनही कमी. सखल भागात तापमान वाढल्याने हिवतापात फार फरक का पडत नाही आणि डोंगरात इतका का पडतो, याचे उत्तर या दोन जोड्यांत आहे. उंचीबरोबर हवा साधारण दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणून एक अंश वाढ झाली की तीच सरासरी दीडशे मीटर वर सरकते. आफ्रिकेच्या पठारांवर, जिथे थंड हवा आणि सुपीक जमीन यांमुळे वस्ती दाट आहे, त्या दीडशे मीटरांच्या पट्ट्यात लाखो माणसे राहतात.

या सूत्रालाही मर्यादा आहेत. ते मुळात प्रयोगशाळेतल्या, दिवसरात्र सारख्या ठेवलेल्या तापमानातून आलेले आहे, आणि खालच्या टोकाला, म्हणजे नेमके डोंगराच्या उपयोगाच्या ठिकाणी, ते सर्वांत कमी भरवशाचे आहे. प्रत्यक्ष हवेत दुपारी ऊन असते आणि पहाटे गारठा असतो. थंड ठिकाणी या चढउतारामुळे परजीवीची वाढ सरासरीवरून काढलेल्या अंदाजापेक्षा वेगाने होते. शिवाय डास उघड्यावर हवामान खात्याच्या पांढऱ्या पेटीत राहत नाही. रक्त पिऊन झाले की तो घरातच, गवती छपराच्या आतल्या बाजूला किंवा भिंतीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पचन होईपर्यंत बसून राहतो. पठारावरच्या झोपडीत चूल आतच असते, गुरे रात्री आत किंवा लगत बांधलेली असतात, आणि त्यामुळे बाहेर कुडकुडणारी थंडी असली तरी आतली हवा दोन-तीन अंशांनी उबदार असू शकते. म्हणजे वेधशाळेच्या नोंदीवरून जे गाव सुरक्षित वाटते, त्याच्या घरांच्या आत हिवतापाला पुरेल इतकी ऊब आधीपासूनच असू शकते. तेव्हा कागदावर काढलेली उंचीची मर्यादा पक्की मानू नये. पण ती मर्यादा अस्तित्वात आहे आणि तिच्याजवळ थोडीशी ऊबही फार मोठी ठरते, एवढे नक्की.

आता मूळ वादाकडे येतो. केनियाच्या पश्चिमेला केरिचो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. १८०० ते २२०० मीटर उंचीवर तिथे चहाचे मळे आहेत, आणि मळ्याच्या रुग्णालयात दाखल झालेल्या हिवतापाच्या रोग्यांची नोंद कित्येक दशके सलग ठेवलेली आहे. अशी नोंद आफ्रिकेच्या उंच भागात दुर्मीळच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे साथी येत. पुढे औषधांनी आणि फवारणीने त्या आटोक्यात आल्या. आणि १९८० च्या सुमारास आकडे पुन्हा चढू लागले. का चढले? २००२ साली संशोधक सायमन हे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरिचोसह पूर्व आफ्रिकेतल्या चार उंच ठिकाणांच्या हवामानाची नोंद तपासली आणि तिथे तापमानात किंवा पावसात लक्षणीय बदल झालेला नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांचा रोख दुसरीकडे होता: क्लोरोक्विन या स्वस्त औषधाला परजीवी दाद देईनासा झाला होता, नियंत्रणाचे काम ढिले पडले होते, आणि लोकांचे येणेजाणे वाढले होते.

हा युक्तिवाद कमकुवत नव्हता. क्लोरोक्विन निकामी होत गेले ही वस्तुस्थिती आहे, आणि औषध निकामी झाले की रोगी बरा होण्याऐवजी आठवडेच्या आठवडे डासांना परजीवी पुरवत राहतो. पण हवामानाची जी आकडेवारी त्यांनी वापरली, ती दूरदूरच्या केंद्रांच्या नोंदींवरून मधल्या जागा गणिताने भरून केलेली होती आणि १९९५ पर्यंतचीच होती. सपाट प्रदेशात असे मधले आकडे चालतात. डोंगरात नकाशाच्या एका चौकोनात दरी आणि शिखर दोन्ही येतात, तिथे ते घसरतात. २००६ साली मर्सिडीज पास्कुअल आणि सहकाऱ्यांनी २००२ पर्यंतची नोंद घेऊन तोच हिशोब पुन्हा केला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तापमान स्पष्टपणे वाढत असल्याचे दाखवले. पाच दशकांतली वाढ जेमतेम अर्ध्या अंशाची होती. पण डासांच्या संख्येचे प्रारूप वापरून त्यांनी असेही दाखवले की एवढ्याशा उष्णतेला डासांकडून मिळणारा प्रतिसाद उष्णतेच्या प्रमाणात नसतो, तर कितीतरी पटींनी मोठा असतो. २०११ मध्ये केरिचोच्याच हवामान केंद्रातली रोजची नोंद तपासली गेली, तेव्हा दर दशकाला सुमारे ०.२ अंश वाढ आढळली. तापमान वाढले की नाही हा प्रश्न तिथे संपला.

मात्र तापमान वाढले आणि रोगही वाढला, एवढ्यावरून एकामुळे दुसरे झाले असे सिद्ध होत नाही. तापमान आणि औषधाचा निकामीपणा हे दोन्ही त्याच वीस वर्षांत एकाच दिशेने चढत गेले, आणि एकाच दिशेने चालणाऱ्या दोन कारणांना एका ठिकाणच्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. हा वाद केरिचोत मिटणे शक्यच नव्हते.

तो मिटवण्याची युक्ती २०१४ साली पुढे आली, आणि या सगळ्या विषयातले हे मला सर्वांत देखणे काम वाटते. अमीर सिराज आणि पास्कुअल यांच्या गटाने किती रोगी यापेक्षा ते किती उंचीवर सापडले हा प्रश्न विचारला. इथिओपियातला देब्रे झेइत हा प्रदेश आणि कोलंबियातला अँतिओकिया हा डोंगराळ प्रांत त्यांनी निवडला. दोन्हीकडे रोग्याचे गाव किंवा विभाग नोंदवलेला होता, आणि गावाची उंची ठाऊक होती. प्रत्येक वर्षाच्या रोग्यांची उंचीनुसार मांडणी करून त्यांनी मधल्या रोग्याची उंची काढली, म्हणजे निम्मे रोगी ज्या उंचीच्या वर आणि निम्मे खाली येतात ती. मग ती उंची त्या वर्षाच्या तापमानाशी ताडून पाहिली. उबदार वर्षात ती वर सरकत होती, आणि त्यानंतरच्या थंड वर्षात पुन्हा खाली येत होती.

यातले खाली येणे निर्णायक आहे. औषध एकदा निकामी झाले की थंड वर्ष आले म्हणून ते पुन्हा गुणकारी होत नाही. स्थलांतरित मजूर थंडी पडली म्हणून परजीवीसह खाली उतरत नाहीत. रस्ते, शेती, लोकसंख्या ही सगळी एकाच दिशेने हळूहळू चालणारी कारणे आहेत. वर्षावर्षाला वरखाली होणारी गोष्ट तापमान होती, आणि रोगाची उंची तिच्याबरोबर हलत होती. दोन वेगळ्या खंडांत, वेगवेगळे डास आणि वेगवेगळ्या आरोग्ययंत्रणा असताना हेच दिसावे, यामुळे निष्कर्षाला बळ येते. शिवाय २०२१ मध्ये शावियर रोदो आणि पास्कुअल यांनी इथिओपियाच्या पठाराबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली, जी आरोग्य खात्याला जरा अवघड वाटावी अशी आहे. २००० नंतर तिथे हिवताप कमी होऊ लागला त्याचे श्रेय साहजिकच मच्छरदाण्या आणि नव्या औषधांना दिले गेले. पण ही घट त्या कार्यक्रमांचा विस्तार होण्याच्या आधीच सुरू झाली होती, आणि ती त्या काळात तापमानवाढीला पडलेल्या तात्पुरत्या खंडाशी जुळत होती.

मग तापमानाचाच सारा खेळ म्हणायचा का? नाही, आणि माझा मुद्दा इथेच आहे. नव्या शतकात केरिचोत तापमान वाढतच राहिले, तरी नवी मिश्र औषधे आणि कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या आल्यावर तिथला हिवताप घटला. आजार कुठपर्यंत जाऊ शकतो याची वरची मर्यादा तापमान ठरवते. त्या मर्यादेच्या आत तो खरोखर किती जणांना गाठतो हे औषध, फवारणी आणि माणसांचे व्यवहार ठरवतात. हवामान की यंत्रणा, अशी निवड करायला लावणारा प्रश्नच सदोष आहे, पण तो प्रशासनाच्या सोयीचा मात्र फार आहे. साथ आली की तापमानवाढीकडे बोट दाखवून खात्याला रिकाम्या पदांबद्दल बोलावे लागत नाही. आणि साथ ओसरली की तीच यंत्रणा स्वतःची पाठ थोपटून घेते. हवामानाचा वाटा नाकारणाऱ्यांचीही सोय होते, कारण मग वरच्या गावांसाठी आगाऊ पैसा राखून ठेवण्याचे कारण उरत नाही.

पावसाची गोष्ट तापमानापेक्षा बेभरवशाची आहे, म्हणून तिच्याबद्दल ठाम बोलणाऱ्यांपासून सावध राहावे असे मला वाटते. १९९७-९८ च्या एल निन्योत पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली आणि केनियाच्या उंच भागांत हिवतापाच्या साथी उसळल्या. त्याच पावसानंतर शेजारच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत मात्र हिवताप आधीच्या वर्षापेक्षा कमी आढळला, कारण उतारावरच्या डबक्यांतल्या अळ्या धो धो पावसात वाहून गेल्या असाव्यात. पाणी थांबले तर डास, वाहिले तर नाही. आणि ते थांबते की वाहते हे उतार, माती आणि शेती ठरवते. युगांडाच्या कबाले जिल्ह्यात उंच दऱ्यांच्या तळाशी पपायरसच्या दलदली होत्या. दाट सावलीच्या त्या पाण्यात हिवतापाचा डास सहसा वाढत नसे. त्या दलदली कापून शेते केली गेली, पाण्यावर ऊन पडू लागले, आणि शेती झालेल्या दऱ्यांच्या काठच्या गावांत हवा सुमारे एका अंशाने उबदार झाल्याचे २००० सालच्या अभ्यासात दिसले. वर केलेला हिशोब आठवला तर तो एक अंश किती महागात पडू शकतो हे वेगळे सांगायला नको, आणि तो काही जागतिक तापमानवाढीतून आलेला नव्हता.

गोचिडीचे चालणे डासापेक्षा निराळे असते. युरोपातल्या जंगलांत आढळणारी इक्सोडिस रिसिनस ही गोचीड अंड्यातून बाहेर पडल्यावर तीन अवस्थांतून जाते, प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्त पिते, आणि हे चक्र पुरे व्हायला तिला दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तिच्या दृष्टीने एखादा कडक उन्हाळा महत्त्वाचा नसतो. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याइतका उबेचा हंगाम दर वर्षी पुरतो की नाही, हे महत्त्वाचे असते. चेक शास्त्रज्ञ मिलान डॅनिएल यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरात वेगवेगळ्या उंचींवर रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या ठेवून पाहिले होते की त्यांची पिढी पुढे जाते का. साधारण ७०० मीटरच्या वर ती जात नसे. जर्मनीच्या सीमेवरच्या शुमावा डोंगरात १९५७ मध्ये आणि पुन्हा १९८० च्या सुमारास गोचिड्यांची वरची मर्यादा तेवढीच होती. २००१-०२ मध्ये त्या ११०० मीटरपर्यंत सापडल्या. गोचिड्या शोधण्याची रीत अगदी साधी आहे: काठीला बांधलेले पांढरे जाडसर कापड गवतावरून आणि झुडपांवरून हळूहळू ओढत न्यायचे, दर काही पावलांनी ते उलटे करायचे आणि जाणारा प्राणी समजून त्याला चिकटलेल्या गोचिड्या मोजायच्या. १९५७ च्या नोंदी त्याच डोंगरातल्या होत्या म्हणूनच चारशे मीटरचा फरक खात्रीने सांगता आला.

या गोचिडीबरोबर मेंदूज्वराचा विषाणूही वर गेला. पण इथेही तोच इशारा लागू आहे. १९९० नंतर एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांत गोचिडीच्या मेंदूज्वराचे रोगी अचानक कित्येक पटींनी वाढले. तेव्हाही आधी हवामानाकडेच पाहिले गेले. सेरा रँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा केवळ हवामानाने ही वाढ उलगडेना. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर बेकारी आणि टंचाई वाढली होती, लोक पोटासाठी आणि विक्रीसाठी जंगलात अळंबी आणि रानफळे वेचायला अधिक जाऊ लागले होते, आणि गोचिडीला माणूस अधिक वेळा भेटू लागला होता.

या दोन उदाहरणांतला फरक नीट लक्षात ठेवला, तर आपल्याकडच्या घटनांकडे पाहताना घोळ होणार नाही. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५-१६ च्या सुमारास माकडताप पसरला. तो गोचिडीचाच रोग. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. हिवाळा संपता संपता गोचिडीची मधली, तिळाएवढी अवस्था पाचोळ्यात असते, आणि त्याच दिवसांत काजूच्या बागांत आणि जंगलात माणसांची ये-जा वाढते. शिमोग्यापासून सिंधुदुर्गापर्यंत रोग सरकला तो घाटाच्या लांबीने. उंचीने चढला नाही. त्यामुळे माकडतापाला डोंगर चढणाऱ्या रोगांच्या यादीत टाकणे मला चुकीचे वाटते. सह्याद्रीच्या या भागात चौदाशे मीटरच्या वर वस्ती जवळजवळ नाहीच. उंचीचा प्रश्न आपल्या देशात खऱ्या अर्थाने आहे तो हिमालयात.

हिमालयातले सर्वांत स्पष्ट उदाहरण सीमेपलीकडचे आहे. नेपाळमध्ये डेंगीचा पहिला रोगी २००४ साली नोंदवला गेला. २०२२ मध्ये तिथे ५४ हजारांहून अधिक रोगी आणि ८८ मृत्यू नोंदवले गेले, आणि त्यांतला मोठा वाटा सुमारे १४०० मीटरवरच्या काठमांडू खोऱ्याचा होता. डेंगीच्या विषाणूलाही डासाच्या शरीरात वेळ लागतो, ३० अंशांना साधारण आठवडाभर आणि २५ अंशांना त्याच्या दुप्पट, त्यामुळे पावसाळ्यातली थोडीशी ऊबही तिथे मोलाची. पण त्या खोऱ्यात नळाला पाणी अनेक दिवसांनी येते, म्हणून प्रत्येक घराच्या गच्चीवर आणि जिन्याखाली पिंपे भरलेली असतात, आणि एडिस डासाला नेमके तसेच स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. तराईतून रोज येणाऱ्या बसगाड्या विषाणूही आणतात आणि अंडी चिकटलेले जुने टायरही. ऊब नसती तर ही साथ इतकी पसरली नसती. आणि पिंपे नसती तर नुसत्या उबेने एवढे रोगी केले नसते.

मग करायचे काय? उत्तराखंड, हिमाचल, सिक्कीम, अरुणाचल आणि जम्मू-काश्मीर येथील आरोग्य खात्यांकडून माझी मागणी माफक आहे. हिवताप किंवा डेंगी निश्चित झालेल्या प्रत्येक रोग्याच्या नोंदीत त्याच्या गावाची उंची आणि आजाराआधीच्या तीन-चार आठवड्यांतला त्याचा प्रवास, या दोन गोष्टी असाव्यात. उंची प्रत्येक गावासाठी एकदाच काढून ठेवायची आहे. नकाशावरून ती एका दिवसात मिळते. प्रवासाचा प्रश्न अधिक नाजूक, कारण डेहराडून किंवा दिल्लीहून आजार घेऊन घरी परतलेला तरुण आणि गावातच डास चावून आजारी पडलेली आजी, हे दोन रोगी वेगळे मोजले नाहीत तर नकाशावर रोग उगाचच वर गेलेला दिसतो. वरच्या गावातली कधी प्रवास न केलेली एक आजी ही नोंद परतलेल्या पन्नास तरुणांपेक्षा अधिक सांगून जाते. डास आणि अळ्यांची पाहणीही मग जिथे रोगी जास्त तिथे न करता, जिथे रोग संपतो त्या उंचीच्या आसपास करावी लागेल, आणि घराबाहेरच्या तापमानाबरोबर घरातलेही मोजावे लागेल.

फवारणीचा क्रम मात्र याच्या उलट हवा. वरच्या गावातली साथ बहुतेक वेळा खालच्या खोऱ्यातल्या साठ्यातून पोसली जाते. म्हणून उबदार वर्षाचा अंदाज आला की फवारणी, मच्छरदाण्या आणि पाणी साठवण्याची तपासणी खालच्या पट्ट्यात पावसाच्या आधी आटोपायला हवी. वरच्या केंद्रांत त्या वर्षी तपासणीचे किट आणि औषधे आधीच पोचलेली असावीत, कारण जिथे डॉक्टरने दहा वर्षांत हिवताप पाहिलेला नसतो तिथे तापाचे पहिले पाच-सहा दिवस सर्दी-पडशाच्या गोळ्यांवर जातात, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसाला फाल्सिपेरममध्ये तेवढे दिवस मिळतातच असे नाही.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे, की ज्या गावात रोगीच नाहीत तिथे पैसा कशाला घालायचा. सखल भागातली मुले आजही मरत आहेत. आक्षेप खरा आहे आणि मैदानातला पैसा डोंगरात वळवावा असे मी म्हणत नाही. उंचीची आणि प्रवासाची नोंद ठेवायला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि खालच्या पट्ट्यातली वेळेवरची फवारणी मुळात खालच्याच लोकांना वाचवते. खर्च वाढतो तो वरच्या केंद्रांतल्या औषधसाठ्याचा, आणि तोही दर वर्षी करावा लागत नाही. मैदानातली थंड-उबदार वर्षे पाहून तो कमीजास्त करता येतो. देब्रे झेइतमध्ये रोगाची उंची तापमानाबरोबर हलते हे दाखवायला बारा-तेरा वर्षांची सलग नोंद लागली होती, आणि तीत उबदार वर्षांइतकीच थंड वर्षेही लागली. हिमालयातल्या एखाद्या जिल्ह्याने पुढच्या पावसाळ्यापासून अशी नोंद सुरू केली, तर त्याचे पहिले विश्वासार्ह उत्तर २०३५ च्या पुढे मिळेल.